साडेसोळा पाकळ्या नकोत: पाककृती आणि मैदानाच्या आराखड्यावरून गुणोत्तराची उदाहरणं कशी रचावीत

सहावीच्या वर्गाला मी पहिल्यांदा स्वतः रचलेली कार्यपत्रिका दिली, तिच्यातलं पहिलंच उदाहरण शेंगाचटणीचं होतं. सोलापुरात राहून मुलांना पाककृती द्यायची तर दुसरं काय सुचणार! मी लिहिलं होतं: ‘6 माणसांच्या चटणीला 150 ग्रॅम दाणे, लसणाच्या 10 पाकळ्या आणि 4 चमचे तिखट लागतं. 10 माणसांसाठी किती लागेल?’ दाण्यांचं उत्तर 250 ग्रॅम आलं, छान. मग लसूण. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं 10 ला 6 ने भागून 10 ने गुणलं, म्हणजे रीत अगदी बरोबर होती. उत्तर आलं 16.666. तिनं ते पाहिलं, खोडलं, पुन्हा केलं, पुन्हा तेच आलं. मग तिनं 17 लिहिलं आणि ताळा करून पाहिला, तर तो जुळेना. शेवटी सगळंच खोडून तिनं 10 मध्ये 4 मिळवले आणि 14 लिहिलं. ‘बाई, हे बरोबर ना?’

14 हा पूर्णांक होता, म्हणून तो तिला खरा वाटला. बरोबर रीत सोडून ती चुकीच्या रीतीकडे गेली, आणि तिला तिकडे माझ्या आकड्यांनी ढकललं होतं. नव्यानं कार्यपत्रिका रचणाऱ्यांनी सर्वात आधी हे लक्षात घ्यावं. मूल गुणोत्तर शिकत असतं तेव्हा आलेलं उत्तर हीच त्याची पहिली तपासणी असते. ते उत्तर विचित्र आलं की मूल आकड्यांवर शंका घेत नाही, स्वतःवर घेतं. दशांश अपूर्णांकांचा सराव हवाच, पण तो वेगळ्या दिवशी.

आधी पट ठरवा, मग मापं

माझी चूक कुठे झाली? मी आधी पाककृती लिहिली आणि नंतर मनाला येईल तो प्रश्न विचारला. करायचं असतं उलट. किती माणसांवरून किती माणसांवर जायचं ते आधी ठरवा आणि त्या दोन संख्यांचं गुणोत्तर अतिसंक्षिप्त रूपात आणा. 6 वरून 10 म्हणजे 3 : 5. यातली पहिली संख्या, म्हणजे 3, महत्त्वाची. पाककृतीतलं प्रत्येक माप 3 च्या पटीत असलं की प्रत्येक उत्तर पूर्णांक येणार, त्याला अपवाद नाही. 150 ग्रॅम दाणे 3 च्या पटीत होते म्हणून जुळले, 10 पाकळ्या आणि 4 चमचे नव्हते म्हणून अडले. पाकळ्या 9 आणि तिखट 3 चमचे केलं असतं, तर 15 पाकळ्या आणि 5 चमचे अशी सरळ उत्तरं आली असती. चटणीच्या चवीतही काही बिघडलं नसतं.

एवढं कळलं की उदाहरण रचणं पाच मिनिटांचं काम होतं. तरीही सुरुवातीच्या उदाहरणांत मी 6 वरून 10 असा प्रश्न आता घेत नाही, कारण त्या पटीला आपल्याकडे रोजच्या वापरातला शब्दच नाही. ‘पाच तृतीयांश पट’ असं घरात कोण म्हणतं? पण दीडपट, अडीचपट, सव्वापट हे शब्द मुलांच्या कानावरचे असतात. 4 वरून 6 म्हणजे दीडपट, 4 वरून 10 म्हणजे अडीचपट, 4 वरून 5 म्हणजे सव्वापट आणि 4 वरून 7 म्हणजे पावणेदोनपट. दीडपट किंवा अडीचपट करायची असेल तर सगळी मापं सम ठेवा. सव्वापट किंवा पावणेदोनपट असेल तर 4 ने भाग जाणारी ठेवा. मूल मनात ‘8 चमचे, त्याचे अर्धे 4, म्हणून दीडपट 12’ असं बोलत सोडवू लागतं, आणि पटीची रीत त्याच्या वहीत येण्याआधी तोंडात येते.

सोलापुरापुरती एक गोष्ट इथे सांगायला हवी. आपल्या वर्गात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी मुलं बरीच असतात. त्यांना दीड आणि अडीच येतं, पण ‘पावणेदोन’ म्हणजे नक्की किती, इथे काही जण अडखळतात आणि गणित येत असूनही उदाहरण चुकतं. म्हणून कार्यपत्रिका वाटण्याआधी मी पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द फळ्यावर लिहून तोंडी म्हणवून घेते.

एक उदाहरण पहिल्यापासून रचून पाहू

सुरुवात एका भागापासून करायची. समजा, एक भाग म्हणजे पाव किलो दाण्यांची चटणी. उखळात दाण्यांना तेल सुटेपर्यंत कुटायचं तर एका वेळी थोडेच दाणे घेतात, तेव्हा एक भाग म्हणजे एक खेप अशी कल्पना मुलांना लगेच पटते. या एका खेपेची मापं तुम्ही स्वतःसाठी एका बाजूला लिहा: 250 ग्रॅम दाणे, 12 पाकळ्या लसूण, 5 चमचे तिखट, 2 चमचे जिरे, 2 चमचे मीठ. चमचा चहाचा. हा तक्ता मुलांना द्यायचा नाही, हा तुमचा पाया आहे.

आता पाककृती किती खेपांची छापायची आणि प्रश्न किती खेपांचा विचारायचा ते ठरवा. मी 2 आणि 5 घेते. मग कार्यपत्रिकेवर हे येतं: ‘अर्धा किलो दाण्यांच्या चटणीला 24 पाकळ्या लसूण, 10 चमचे तिखट, 4 चमचे जिरे आणि 4 चमचे मीठ लागतं. सव्वा किलो दाण्यांना प्रत्येक जिन्नस किती लागेल?’ उत्तरं: 60 पाकळ्या, 25 चमचे तिखट, 10 चमचे जिरे, 10 चमचे मीठ. अडीचपट असूनही कुठेही दशांश चिन्ह नाही. दोन्ही बाजू एकाच भागाच्या पटीत असल्यामुळे उलटा प्रश्नही आपोआप जुळतो. ‘एका काकूंनी 6 चमचे जिरे घातले, तर दाणे किती घेतले असतील?’ 4 चे 6 म्हणजे दीडपट, म्हणून 750 ग्रॅम, पाऊण किलो.

या पद्धतीचा खरा फायदा दुसऱ्या वर्षी कळतो. त्याच एका खेपेच्या पायावरून 3 आणि 4 खेपा घेतल्या की नवं उदाहरण तयार होतं, 4 आणि 7 घेतल्या की आणखी एक. शेजारी बसणाऱ्या दोन मुलांना वेगवेगळी उदाहरणं द्यायची असतील तर यासारखी सोय नाही.

मिश्रणाच्या उदाहरणांत एवढंच पाहायचं की भागांची बेरीज एकूण वजनाला पुरी जाते. दाणे, तिखट आणि मीठ यांचं वजनी गुणोत्तर 20 : 2 : 1 दिलं तर बेरीज 23 होते, आणि 23 ने भाग जाणारं सोयीचं वजन मिळत नाही. तेच 20 : 3 : 1 केलं की बेरीज 24. मग एकूण 480 ग्रॅम विचारा किंवा 1 किलो 200 ग्रॅम. दुसऱ्यात दाणे 1 किलो, तिखट 150 ग्रॅम, मीठ 50 ग्रॅम येतं.

आणि वेळ मात्र प्रमाणात विचारू नका. ‘पाव किलो दाणे भाजायला 8 मिनिटं, तर एक किलोला किती?’ असलं उदाहरण मी छापील कार्यपत्रिकांत पाहिलं आहे. मोठी कढई घेतली तर वेळ चौपट लागत नाही, हे घरी पाहिलेलं मूल 32 लिहायला तयार होत नाही, आणि ते मूल बरोबर असतं.

चुकीच्या रीतीनं बरोबर उत्तर येऊ नये

उत्तरं सुबक झाली म्हणजे काम संपलं, असं मला बरीच वर्षं वाटायचं. नंतर लक्षात आलं की सुबक आकड्यांत एक वेगळाच धोका लपलेला असतो. गुणोत्तरात मुलांची नेहमीची चूक म्हणजे गुणायच्या जागी मिळवणं. ‘माणसं 4 ने वाढली, म्हणून पाकळ्याही 4 ने वाढवल्या.’ आता समजा मी 6 माणसांना 6 पाकळ्या दिल्या आणि 10 माणसांसाठी विचारलं. बरोबर उत्तर 10, आणि मिळवणाऱ्या मुलाचं उत्तरही 10! त्याला बरोबरची खूण मिळते आणि त्याची चूक पुढच्या परीक्षेपर्यंत टिकते. म्हणून एखाद्या जिनसाचं माप माणसांच्या संख्येएवढं कधीच ठेवायचं नाही. 6 माणसांना 9 पाकळ्या ठेवल्या की बरोबर उत्तर 15, मिळवणाऱ्याचं 13, आणि वही पाहताक्षणी त्याच्या डोक्यात काय चाललंय ते कळतं.

वर अर्धा किलो आणि सव्वा किलोचं जे उदाहरण रचलं, त्यात ही चूक दिसतच नाही. फरक 750 ग्रॅमचा असताना 24 पाकळ्यांमध्ये 750 कोण मिळवेल? म्हणून वजनावरून एक आणि माणसांवरून एक, अशी दोन्ही उदाहरणं पत्रिकेत ठेवावीत. पहिल्यात मूल रीत शिकतं आणि दुसऱ्यात ती खरंच कळली का ते समजतं.

उत्तरपत्रिका तयार करताना मी प्रत्येक उदाहरण तीनदा सोडवते: एकदा बरोबर, एकदा मिळवून आणि एकदा पट उलटी लावून. तिन्ही उत्तरं वेगवेगळी आली तरच ते उदाहरण पत्रिकेत जातं.

आता आराखडा

आराखड्याच्या उदाहरणांत मराठीतली एक अडचण सुरुवातीलाच येते. आपण ‘प्रमाण’ हाच शब्द गणितातल्या दोन समान गुणोत्तरांसाठी वापरतो आणि नकाशाच्या प्रमाणासाठीही. सहावीतली मुलं यात गोंधळतात. मी पत्रिकेवर नेहमी ‘आराखड्याचं प्रमाण’ असे दोन शब्द लिहिते आणि त्याच्याखाली अर्थ देते: 1 : 100 म्हणजे कागदावर 1 सेमी, जमिनीवर 100 सेमी, म्हणजेच 1 मीटर.

पाककृतीत एखादी पाकळी इकडेतिकडे करता येते. मैदान मात्र खरं असतं, त्याची मापं आपल्या सोयीनं बदलायची नाहीत. तिथे बदलायचं ते आराखड्याचं प्रमाण, आणि तरीही जमेना तर मैदानच दुसरं घ्यायचं. क्रिकेटच्या खेळपट्टीचा मोह सगळ्यांना होतो, पण तिची लांबी 22 यार्ड, म्हणजे 20.12 मीटर. 2012 सेमीला बसेल असं सोयीचं प्रमाण नाही. ती ‘सुमारे 20 मीटर’ लिहून टाकली तर क्रिकेट खेळणारी मुलं लगेच हात वर करतात. ती सोडून द्यावी.

कबड्डीचं मैदान घ्या. महिलांचं मैदान 12 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद असतं. मध्यरेषेपासून निदानरेषा 3 मीटरवर, तिच्यापुढे 1 मीटरवर बोनस रेषा, आणि तिथून अंतिम रेषा 2 मीटरवर. सगळं पूर्ण मीटरमध्ये. 1 : 100 घेतलं की कागदावर 12 सेमी, 8 सेमी, 3, 1 आणि 2 सेमी. पहिलं उदाहरण हेच असावं. पट्टीवर मोजायला सोपं, आणि 3 अधिक 1 अधिक 2 म्हणजे निम्मं मैदान, असा ताळाही जागेवरच मिळतो.

पुरुषांचं मैदान 13 मीटर लांब, 10 मीटर रुंद. इथे निदानरेषा मध्यरेषेपासून 3 मीटर 75 सेमीवर, बोनस रेषा तिच्यापुढे 1 मीटरवर, आणि उरलेलं अंतर 1 मीटर 75 सेमी. हे 1 : 100 ने काढलं तर निदानरेषा 3.75 सेमीवर येते. शाळेच्या पट्टीवर सर्वात लहान खूण मिलिमीटरची असते, अर्धा मिलिमीटर मूल डोळ्यानं कसा मोजणार? 1 : 200 घेतलं तर 1.875 सेमी, म्हणजे आणखी वाईट. नवे शिक्षक इथे एकामागून एक प्रमाणं लावून पाहत बसतात. त्याची गरज नाही, कारण योग्य प्रमाण शोधायची सरळ रीत आहे.

सगळी मापं सेंटिमीटरमध्ये लिहा: 1300, 1000, 375, 100, 175. त्यांचा मसावि काढा. तो 25 येतो. म्हणजे या मैदानावरचं प्रत्येक अंतर 25 सेमीच्या पटीत आहे. आता त्या 25 सेमीला कागदावर पूर्ण मिलिमीटर द्या. 1 मिमी दिला तर 250 मिमीला 1 मिमी, म्हणजे 1 : 250, आणि मैदान कागदावर 5.2 सेमी लांब येतं. हे जरा लहान होतं. 2 मिमी दिले तर 1 : 125. मग लांबी 10.4 सेमी, रुंदी 8 सेमी, निदानरेषा 3 सेमीवर, बोनस रेषा तिच्यापुढे 8 मिमीवर आणि शेवटचं अंतर 14 मिमी. प्रत्येक माप पट्टीच्या खुणेवर बरोबर बसतं आणि आराखडा A4 कागदावर ऐसपैस मावतो.

1 : 125 हे प्रमाण पाठ्यपुस्तकात सहसा दिसत नाही, म्हणून आधी मला ते वापरायचा धीर होत नव्हता. पण मुलांना ते जड जात नाही, कारण 1 सेमी म्हणजे सव्वा मीटर. निदानरेषा 3 सेमीवर, म्हणजे तीन वेळा सव्वा, पावणेचार मीटर. चटणीच्या उदाहरणात म्हणवून घेतलेले शब्द इथे पुन्हा कामी येतात. जिथे मिलिमीटर आहेत तिथे ‘2 मिमीला 25 सेमी’ असं धरायला सांगा. 14 मिमी म्हणजे 7 वेळा 25, म्हणजे 175 सेमी. उत्तरही ‘1 मीटर 75 सेमी’ असंच मागा, 1.75 मीटर नको. प्रश्नात ‘मीटर व सेंटिमीटरमध्ये लिहा’ एवढं घातलं की पुरतं.

सहावीत नव्यानं आलेल्या मुलांना मैदानाऐवजी चादर जवळची वाटते. कितीतरी जणांच्या घरात माग चाललेला असतो किंवा चालायचा. 150 सेमी रुंद आणि 225 सेमी लांब चादर धरली तर मसावि 75. त्याला 3 सेमी दिले की प्रमाण 1 : 25 आणि कागदावर 6 सेमी बाय 9 सेमी. रुंदी-लांबीचं गुणोत्तर 2 : 3 दोन्हीकडे तेच राहतं, आणि ते मुलांनाच शोधू द्यावं.

क्षेत्रफळ विचारायचं असेल तर 1 : 100 टाळा. महिलांच्या मैदानाचा आराखडा त्या प्रमाणात 12 बाय 8, म्हणजे 96 चौरस सेमी भरतो, आणि खरं मैदानही 96 चौरस मीटर असतं. ज्या मुलाला क्षेत्रफळात पट दोनदा लागते हे कळलेलं नाही, तेही 96 च लिहितं. पाकळ्यांमध्ये झालं तेच इथे होतं, चुकीच्या रीतीला बरोबर उत्तर. 1 : 200 घ्या. आराखडा 6 बाय 4, म्हणजे 24 चौरस सेमी. 1 सेमीला 2 मीटर, म्हणून एका चौरस सेमीला 4 चौरस मीटर, आणि उत्तर पुन्हा 96. जो फक्त दुप्पट करेल त्याचं 48 येईल आणि लगेच दिसेल.

छापताना

सगळं बरोबर जमलं तरी आराखडा छापताना बिघडू शकतो. एकदा मी 12 सेमीचं मैदान नीट काढलं होतं आणि वर्गात अर्ध्या मुलांनी त्याची लांबी 11 सेमी 6 मिमी सांगितली. मुलं बरोबर होती, मैदानच आकसलं होतं. प्रिंट काढताना Fit हा पर्याय निवडलेला असला की समासात बसवण्यासाठी पान थोडं लहान होतं, आणि सगळी मापं विचित्र दशांशात जातात. Actual size निवडा, किंवा Scale च्या चौकटीत 100% आहे का ते पाहा. झेरॉक्सच्या दुकानात देताना ‘लहान-मोठं करू नका’ असं तोंडानं सांगा, आणि पहिली प्रत हातात आली की तिथेच पट्टी लावा. पन्नास प्रती निघाल्यावर पट्टी लावून उपयोग नसतो. मी आता प्रत्येक आराखड्याखाली 5 सेमीची एक रेघ काढते आणि तिच्यावर ‘ही रेघ 5 सेमी आहे का ते आधी मोजा’ असं लिहिते. रेघ 5 सेमी भरली नाही, तर त्या दिवशी आराखड्याची उदाहरणं सोडून आम्ही चटणीची सोडवतो.